चित्राचं माप, कागदाचं माप, चौकटीचं माप

आमच्या थोरल्या भाऊजींच्या मते चित्राला एकच माप असतं. छापलेलं चित्र केवढं, ते ज्या कागदावर आहे तो कागद केवढा, भोवतीचं पुठ्ठ्याचं माउंट केवढं आणि चौकटीची बाहेरची कड केवढी, असले प्रश्न रिकामटेकड्या माणसांना पडतात, आणि आमच्या घरात तसं माणूस एकच आहे. ते म्हणजे मी.

दुकान आमचं फ्रेमचं. पुढे काउंटर, मागे नवऱ्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, पट्ट्या तिरक्या कापायची करवत, काचा आणि भुसा. नवरा दिवसभर तिथे असतो आणि बोलण्याचं सगळं खातं त्याने आयुष्यभरासाठी दादांकडे सोपवलं आहे. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं ही भाऊजींची कला. हल्ली निम्मी गिऱ्हाइकं दुकानात येतच नाहीत, मोबाइलवर दुकानाचं पान बघून मागवतात. त्या पानावर प्रत्येक चित्राची माहिती लिहिणं हे माझं काम. माझं म्हणजे, मी लिहायचं आणि भाऊजींनी पुसायचं.

मी लिहिताना प्रत्येक गोष्टीला वेगळी ओळ देते. चित्राचं माप. कागदाचं माप. चौकटीचं बाहेरून माप, जाडीसकट. कागद कोणता. टांगायचं कसं, म्हणजे मागे वरच्या मध्याला एक दातेरी पट्टी आहे, की दोन्ही बाजूंना कड्या आणि मधे तार, आणि भिंतीत एक खिळा लागेल की दोन. हे सगळं वाचायला अर्धं मिनिट लागतं. पण भाऊजी एका विक्रीकलेच्या शिबिराला जाऊन आले, तिथे त्यांना फाइल, पेन आणि अक्कल अशा तीन वस्तू मिळाल्या, त्यांतल्या पहिल्या दोन अजून आहेत.

“लोकांना आकडे नको असतात गं,” ते मला सांगायचे. “लोकांना भावना पाहिजे. आकड्यांनी माणूस घाबरतो.”

मग ते माझ्या ओळी काढून टाकायचे आणि त्यांची भावना घालायचे. खाली एकुलता एक आकडा, ‘साइज’ म्हणून. हा साइज कशाचा, ते त्या दिवशीच्या त्यांच्या मर्जीवर. मोठा वाटावा म्हणून कधी चौकटीचा, टेप हाताशी नसली की चित्राचा. कागदाला ‘प्रीमियम’ म्हणायचं आणि टांगण्याबद्दल ‘टांगायला तयार’. तयार कोण? चित्र? एका बाईंनी ते वाचून काचेची चांगली वजनदार फ्रेम दुहेरी चिकटपट्टीने भिंतीला लावली. रात्रीतून ती खाली. बाईंचा फोन आला तेव्हा भाऊजींनी त्यांची समजूत घातली की त्यांच्या भिंतीचा रंग हलक्या प्रतीचा असावा. मी शेजारी उभी राहून ऐकलं. त्यांच्या आवाजात इतकी सहानुभूती होती की शेवटी बाईंनीच माफी मागितली.

असं चालायचं. मी चिडायचे, नवरा करवत सुरू करायचा, सासूबाई म्हणायच्या, “तो धंदा बघतो, तू माप बघ.” म्हणजे माप ही धंद्याबाहेरची गोष्ट. मला वाटलं होतं, फार तर एखादी फ्रेम परत येईल. चिऊचं चित्र मधे येईपर्यंत यात कुणाचं काही कायमचं जाऊ शकतं असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

चिऊ म्हणजे माझी नणंद, या दोघा भावांची धाकटी बहीण. चाळिशी ओलांडली, चष्मा लागला, शाळेत चित्रकला शिकवता शिकवता केस पिकले, तरी घरात चिऊच. ती लिनोलियमचे ठसे कोरते आणि त्यावरून हाताने चित्रं छापते. घरात या कामाला ‘छंद’ म्हणतात. भाऊजी पत्ते खेळतात त्याला ‘ओळखी वाढवणं’ म्हणतात, आणि ही गुडघे मोडून ठसे कोरते तो छंद.

तिने एक चित्र केलं होतं, गच्चीवर दोरीला वाळत घातलेले कपडे. बस, एवढंच. पण त्यातला एक सदरा असा लोंबत होता की त्यात नुकतंच कुणीतरी होतं असं वाटावं. त्याच्या दहा प्रती तिने छापल्या आणि मग रीतीप्रमाणे ठशावर आडवे-उभे चर ओढून तो रद्द केला. छापताना ज्या प्रती फिक्या उठल्या त्या तिने फाडून टाकल्या होत्या, तिचा स्वभावच तसा. म्हणजे जगात त्या चित्राच्या दहाच प्रती. चित्र बारा बाय सोळा इंच, कागद सोळा बाय वीस. भोवती ऐसपैस पांढरी जागा, कागदाच्या कडा कापलेल्या नाहीत, हाताने फाडलेल्या. चित्राच्या खाली त्या पांढऱ्या जागेत पेन्सिलने डावीकडे प्रतीचा क्रमांक, उजवीकडे सही. ज्याला या कामातलं कळतं तो चित्र बघायच्या आधी ती जागा बघतो.

आणि ज्यांना कळतं त्यांनी ते पाहिलं. शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयात फक्त छापचित्रांचा एक विभाग आहे. तिथल्या बाईंनी कुठल्याशा प्रदर्शनात हे चित्र पाहिलं आणि चिऊला फोन केला. एक प्रत त्यांना कायमच्या संग्रहासाठी हवी होती. अट एकच, प्रत पूर्ण हवी. सही, क्रमांक, चारी बाजूंचा कागद शाबूत, आणि कुठेही चिकटवलेली नाही. फोन ठेवल्यावर चिऊ आमच्या दुकानातल्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

“वहिनी,” ती म्हणाली, “आता घरचे याला छंद नाही ना म्हणणार?”

मला भरून आलं. मी म्हटलं, “म्हणून तर बघू दे कोणी.”

दहाही प्रती आमच्याच दुकानात होत्या, सपाट कप्प्यात, पातळ कागदाच्या घडीत. तिच्या खोलीला ओल येते म्हणून तिने त्या इथे ठेवल्या होत्या. त्यातली चांगली उठलेली एक ती संग्रहालयाला देणार होती, बाकीच्या आमच्या पानावर विकायच्या असं ठरलं. मी माहिती लिहिली. चित्राचं माप, कागदाचं माप. फ्रेमसह हवी असेल तर सही-क्रमांक दिसेल अशा माउंटमध्ये, चौकट बाहेरून साडेएकोणीस बाय साडेतेवीस. कागद जाड, सुती, कडा फाडलेल्या, कापू नये. मागे दोन कड्या आणि तार, भिंतीत दोन हूक लागतील. ठसा रद्द केला आहे, पुन्हा छापता येणार नाही. आणि माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नाला मी आणि नवरा निघून गेलो. दुकान भाऊजींच्या हवाली.

परत आलो तर भाऊजी खुशीत. फ्रेमांच्या रांगेवर नव्या किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या, भोक पाडून दोऱ्याने बांधलेल्या.

“कसल्या झाल्यात बघ,” ते म्हणाले. “छापून घेतल्या असत्या तर उगाच खर्च. घरच्या घरी.”

चिठ्ठ्या खरंच देखण्या होत्या. जाड, किंचित खरखरीत, पांढऱ्यात जरा दुधाळ. मी कौतुकाने एक हातात धरली आणि माझ्या बोटांना तो कागद ओळखीचा वाटला. एका बाजूची कड फाडलेली होती. मी चिठ्ठी उलटी केली. मागे पेन्सिलने लिहिलं होतं, तीन, खाली रेघ आणि रेघेखाली दहा.

मी शेजारची उलटली. कोरी. तिच्या पुढची उलटली. तिच्यावर चिऊच्या सहीचा शेवटचा अर्धा भाग होता आणि सहीच्या मधोमध दोऱ्याचं भोक.

“भाऊजी,” मी म्हटलं, “हा कागद कुठला?”

“कातरण गं. चिऊच्या त्या चित्रांचं. केवढा कागद वाया घालवते ती! चारी बाजूंनी नुसता कोरा.”

मग त्यांनी जे काही सांगितलं ते एखादी बक्षिसाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. आम्ही गेल्याबरोबर त्यांनी माझी माहिती पुसून आपली लिहिली होती. ‘आकाशाखाली वाळणाऱ्या आठवणी. तुमच्या भिंतीला द्या एक कुटुंब. साइज १२×१६. प्रीमियम कागद. टांगायला तयार.’ ती वाचून एका अंतर्गत सजावटवाल्याने सहा मागवल्या, फ्रेमसह, घाईने. दवाखान्याच्या लाकडी भिंतीत त्याने बाराला सोळाचे कोनाडे केले होते, त्यात बसवायला. भाऊजींनी दुकानातल्या बारा बाय सोळाच्या तयार चौकटी काढल्या. कागद आत जाईना. कागदच मोठा, यात चौकटीचा काय दोष? म्हणून त्यांनी स्टीलची पट्टी आणि कटर घेतला आणि सगळं चित्राच्या कडेपर्यंत नीट कापून काढलं. नीट, हा त्यांचा शब्द. वर कागदाला लाटा पडू नयेत म्हणून तो फवाऱ्याच्या गोंदाने लाकडी पुठ्ठ्यावर पक्का चिकटवला.

“सहा?” मी विचारलं.

“सहा पाठवली. चार बसवून तयार ठेवली. पुढची ऑर्डर आली की धावपळ नको.”

मी कप्पा उघडला. पातळ कागदाची घडी व्यवस्थित होती. आत काही नव्हतं. भाऊजींचं काम टापटिपीचं असतं, ते मान्य करायलाच हवं.

चारही चित्रं भिंतीला टेकून उभी होती. चौकटीच्या खाचेत चित्राची कड पाव-पाव इंच आत गेली होती, त्यामुळे वरची दोरी जेमतेम दिसत होती. कपडे कशाला लटकलेत ते कळत नव्हतं. नवऱ्याने एक उचललं, मागून बघितलं, मध्यावर एक दातेरी पट्टी. अंगठ्याने पुठ्ठ्याची कड चाचपली. आयुष्यात पहिल्यांदा तो भावासमोर काहीतरी बोलला.

“हे आता निघत नाही,” तो म्हणाला.

“काढायचंय कशाला?” भाऊजींनी विचारलं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. हेच तर असह्य होतं. दुष्ट माणसावर निदान नीट रागावता येतं.

दुपारी माल घेऊन टेम्पो आला. सजावटवाल्याने सहाच्या सहा परत पाठवल्या होत्या. कोनाडे बारा बाय सोळाचे आणि या चौकटी बाहेरून साडेतेरा बाय साडेसतरा. पट्टीची रुंदी दोन्ही बाजूंनी धरायची असते, हे भाऊजींना धंद्यात केस पांढरे करूनही कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, मीच. सजावटवाल्याने फोनवर विचारलं, “तुम्ही साइज कशाचा लिहिला होता?” भाऊजी म्हणाले, “चित्राचा.” तो म्हणाला, “मग तसं लिहायचं ना, राव,” आणि फोन ठेवला. चित्राचा गळा चौकटीसाठी कापला आणि चौकट कोनाड्यात गेलीच नाही. मला हसू आलं आणि त्या हसण्याची मला लाजही वाटली नाही.

तेवढ्यात चिऊ आली. शाळेच्या मधल्या सुट्टीत थेट, हातात दोन मोठे पुठ्ठे आणि सुतळी. शाळा सुटल्यावर संग्रहालयात प्रत नेऊन द्यायची होती, त्या बाई वाट बघत होत्या.

सांगायचं कोणी? नवऱ्याने करवतीकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण भाऊजी माझ्या आधी बोलले, कारण गिऱ्हाइकाशी गोड बोलणं ही त्यांची कला. त्यांनी तिला एक फ्रेम हातात दिली.

“बघ, कसं उठून दिसतंय. भोवती सगळं मोकळंच होतं. आता कसं भरगच्च वाटतं.”

चिऊने फ्रेम घेतली. खाली बघितलं, जिथे सही असते तिथे. मग तिने दुसरी उचलली. मग तिसरी. मी एक चिठ्ठी सोडवून तिच्या हातात दिली. काय करणार, ती तिची होती. तिने ती उलटी करून वाचली आणि परत सुलटी करून किंमतही वाचली.

“दहाही?” तिने मला विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

मग घरच्यांनी उपाय सुचवले. आमच्या घरात चूक करायला एकच माणूस लागतो, पण उपाय सगळे सुचवतात. सासूबाई चहा घेऊन खाली आल्या होत्या. “सहीच गेली ना? मग परत कर सही. तुझीच तर आहे,” त्या म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, चित्रातच एका कोपऱ्यात करावी, सदऱ्यावर जागा आहे. नाहीतर मागे करावी. मागे लाकडी पुठ्ठा आहे हे त्यांच्या लक्षात आल्यावर ते म्हणाले, पुठ्ठ्यावर करावी, मार्करने, जास्त टिकेल. सासूबाईंनी शेवटचं सांगितलं, “आणि एवढं काय झालं? कडेचा कोराच कागद होता तो. चित्राला तर हात लावला नाही ना त्याने? भाऊ आहे, चार पैसे सुटावेत म्हणूनच केलं बिचाऱ्याने.”

बिचारा! मला त्या क्षणी तो चहा कुठेतरी ओतावासा वाटला. पण चिऊने मला हाताने थांबवलं. ती काउंटरशी गेली आणि दुकानाच्या फोनवरून संग्रहालयात फोन लावला. आम्ही सगळे समोर उभे.

“माझ्याकडे पूर्ण प्रत राहिलेली नाही,” ती म्हणाली. “नाही, विकल्या नाहीत. कापल्या गेल्या.” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. “हो, दहाही. हो, चिकटवलेल्या. नाही, ठसा रद्द केलाय.” मग बराच वेळ ती ऐकत होती. “तसं कुठलंच दुसरं काम माझ्याकडे आत्ता नाही. समजू शकते मी. तुम्ही विचारलंत हेच खूप,” असं म्हणून तिने फोन ठेवला. त्या शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला. मला इतका राग आला होता की माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं.

“पुढच्या वर्षी घेतील की,” भाऊजी म्हणाले.

चिऊ माझ्या खुर्चीत बसली, आमचं पान उघडलं आणि भाऊजींची भावना पुसून टाकली. मग टाइप करायला लागली, एका बोटाने, सावकाश, शाळेत फळ्यावर लिहावं तसं प्रत्येक गोष्टीला वेगळी ओळ देऊन. मी मागे उभी राहून वाचत होते.

चित्राचं मूळ माप: बारा बाय सोळा इंच. 
चित्राचं दिसणारं माप: साडेअकरा बाय साडेपंधरा, बाकीचं चौकटीच्या खाचेत. 
कागदाचं मूळ माप: सोळा बाय वीस. 
कागदाचं आत्ताचं माप: चित्राएवढंच. 
चौकटीचं माप, बाहेरून: साडेतेरा बाय साडेसतरा. 
कागद: सुती, जाड. लाकडी पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला, सुटत नाही. 
सही: नाही. 
क्रमांक: नाही. 
टांगणं: वर मध्यावर एक दातेरी पट्टी, एक खिळा. 
एकूण प्रती: दहा. दहाही अशाच. ठसा रद्द केला आहे. पुन्हा छापता येणार नाही. 
कापणारा: चित्रकर्तीचा थोरला भाऊ.

तिने ते तसंच पानावर चढवलं आणि खुर्ची थोडी सरकवून घेतली, म्हणजे दादाला दिसावं.

भाऊजी पुढे झाले. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माहितीचं पान शेवटपर्यंत वाचलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. शेवटच्या ओळीवर ते थांबले. लाल झाले.

“ही ओळ काढ,” ते मला म्हणाले.

“मी लिहिलेली नाही,” मी म्हटलं.

“चिऊ, ही ओळ काढ. लोक काय म्हणतील?”

“यातली एक तरी ओळ खोटी असेल तर सांग, दादा. ती काढते.”

ते परत वरून वाचायला लागले. खोटी ओळ शोधत होते, हे स्पष्ट दिसत होतं. बोट स्क्रीनवर ठेवून एकेक ओळ खाली उतरत ते शेवटून दुसरीवर आले आणि तिथे बोट थांबलं. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग वळून आपल्या बहिणीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा गोडवा उतरला.

“म्हणजे तू हे परत छापू शकत नाहीस?” त्यांनी विचारलं.

“नाही,” चिऊ म्हणाली.

चिऊने आपले दोन पुठ्ठे काखेत घेतले, सुतळी पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाली, “वहिनी, निघते. शाळेत शेवटचा तास आहे माझा.”